तर्री दिसली नाही म्हणजे तेल नव्हतं, असं नव्हे

«मॅडम, आम्ही बेळगावात वडगावला राहतो. यांची शुगर काठावर आल्यापासून मी क्रीम, बटर, काजू सगळं बंद केलं. रविवारची पनीरची किंवा मिक्स व्हेजची भाजी हॉटेलसारखी, पण घरीच करते. चार मोठे कांदे तळून त्यांची पेस्ट, टोमॅटो, फोडणीला मोजून दोनच मोठे चमचे तेल आणि दाटपणासाठी शेवटी दोन चमचे कॉर्नफ्लोअर. वर तर्रीचा थेंब येत नाही. तरी सहा महिन्यांत दोघांचंही वजन हललं नाही, माझं तर दीड किलो वाढलं. धाकट्या जाऊबाई म्हणतात, कॉर्नफ्लोअरच वजन वाढवतं, त्याऐवजी बेसन लाव. मोबाईलच्या ॲपमध्ये मी ‘व्हेज करी, एक वाटी’ असं लिहिते. चुकतंय कुठं?»

ताई, जाऊबाईंनी चोर पकडलाय, पण भुरटा. मोठा चोर तुमच्या मिक्सरच्या भांड्यात बसलाय.

आधी भुरट्याचा हिशेब संपवू. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा जवळजवळ शुद्ध स्टार्च. सपाट भरलेला एक मोठा चमचा साधारण ८ ग्रॅमचा, त्यात ३० कॅलरी. तुमच्या दोन चमच्यांच्या झाल्या ६०. भाजी चौघांत वाटली, तर माणशी १५. शुगरच्या दृष्टीने बघितलं तरी माणशी साडेतीन ग्रॅमच्या आसपास पिष्ट, म्हणजे पोळीचा एक लहान घास. एवढ्यानं कुणाचं वजन अडत नाही.

आता तळलेला कांदा. तुम्ही तेलाचा हिशेब फोडणीपासून सुरू केलात, पण त्याच्या आधी एकदा कढई भरून तेल चुलीवर चढलं होतं. ते तेल नंतर डब्यात परत ओतलं, म्हणून ते ‘वापरलं’ असं वाटलं नाही. डब्यात परत किती गेलं, हे मात्र कुणी मोजत नाही. मी एकदा मोजलं, आणि मोजेपर्यंत मलाही तुमच्यासारखंच वाटायचं.

सोलून चिरलेला कांदा अर्धा किलो घेतला, म्हणजे तुमचे चार मोठे कांदेच समजा. कढईत ४०० ग्रॅम तेल वजन करून ओतलं. कांदा तांबूस होईपर्यंत तळला, झाऱ्यानं निथळून कागदावर काढला, आणि तेल पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तोललं. ३५२ ग्रॅम भरलं. ४८ ग्रॅम कमी. त्यातलं दोनतीन ग्रॅम कागदानं आणि झाऱ्यानं खाल्लं असं धरू. उरलेलं ४५ ग्रॅम तेल कांद्यात होतं. तळलेला कांदा तोलला, तर अर्ध्या किलोचा झाला होता सव्वाशे ग्रॅम. म्हणजे हातात घेतलेल्या त्या कुरकुरीत ढिगाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग निव्वळ तेल.

असं का होतं, तेही बघा. कच्च्या कांद्यात वजनाच्या जवळपास नव्वद टक्के पाणीच असतं. गरम तेलात पडल्यावर हे पाणी वाफ होऊन बाहेर येतं, तो चरचर आवाज आणि ते बुडबुडे त्याचेच. पाणी गेलं की काप आतून पोकळ, जाळीदार होतात. जोवर वाफ जोरात बाहेर येतेय तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. बुडबुडे मंदावले की तेल शिरायला लागतं, आणि सगळ्यात जास्त शिरतं ते कांदा कढईबाहेर आल्यावर. गार होताना आतली वाफ आक्रसते आणि अंगाला चिकटलेलं तेल आत ओढून घेते. म्हणून तळलेला कांदा ताटलीत ढीग करून ठेवला, तर खालचा कांदा वरच्याचं तेल पीत बसतो. काप जितके पातळ, तितकं तेलाला चिकटायला अंग जास्त. हॉटेलचा कांदा मशीनवर कागदासारखा चिरलेला असतो.

हे ४५ ग्रॅम म्हणजे ४०५ कॅलरी. मोठ्या चमच्यात सांगायचं, तर तीन चमच्यांहून जास्त तेल. तुमच्या फोडणीचं तेल दोन चमचे, २८ ग्रॅम, अडीचशे कॅलरी. म्हणजे मोजलं त्याच्या दीडपटीहून जास्त तेल न मोजता गेलं. अख्खी ग्रेव्ही मांडायची झाली, तर कांद्याच्या स्वतःच्या २००, कांद्यानं प्यायलेल्या तेलाच्या ४०५, फोडणीच्या २५० आणि कॉर्नफ्लोअरच्या ६०. पनीर, भाज्या, टोमॅटो सोडून ९१५. माणशी साधारण २३०, आणि त्यातल्या शंभर तुमच्या वहीत कुठंच नाहीत. एका फुलक्याहून जास्त झालं ते, पोळ्या मोजून खाल्ल्या तरी.

मग कॉर्नफ्लोअरला मी निर्दोष सोडते का? नाही. त्याचा गुन्हा कॅलरीचा नाही, पुरावा लपवण्याचा आहे.

आपल्याकडे तेल ओळखायची सवय डोळ्याची आहे. निपाणी-कोल्हापूरकडचा रस्सा असो की आपल्याकडच्या सावजीतलं वाटण, वर लाल तर्री तरंगली की आपण म्हणतो, ‘अबब, केवढं तेल!’ येण्णेगाईचं तर नावच तेलाचं, कन्नडमध्ये येण्णे म्हणजे तेल. भरल्या वांग्याचा तो पदार्थ खाताना कुणी गाफील नसतो. तर्री डोळ्यांना दिसते, म्हणून ती पळीनं काढताही येते. पातळ रश्श्यावरची तर्री वाटीभर बाजूला केली, की त्यात नुसतं तेल दोन चमचे निघालं तरी अडीचशे कॅलरी वाटीबाहेर.

स्टार्च काय करतो? पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर उकळत्या ग्रेव्हीत पडलं की त्याचे कण पाणी शोषून फुगतात, ग्रेव्ही दाट होते आणि तेलाचे बारीक थेंब त्या दाटपणात अडकून पडतात. त्यांना वर यायला वाटच मिळत नाही. तळलेल्या कांद्याची पेस्टही तेच करते. मिक्सरमध्ये कांद्याचा गर आणि तेल एकजीव होतात, म्हणून पेस्ट तेलकट दिसत नाही, तुकतुकीत दिसते. तुम्ही लिहिलंत की तर्रीचा थेंब येत नाही. ते तेल कमी असल्याचं लक्षण नव्हे, ते बांधलं गेल्याचं लक्षण आहे.

माझ्या मामांची खानावळ होती, बेळगावातच. लहानपणी सुट्टीत तिथं गल्ल्यापाशी बसायचे. मामा म्हणायचे, ‘गिऱ्हाईक तर्री बघून घाबरतंय, आणि दाट बघून खूश होतंय की!’ पुढं पंजाबी डिशेस आल्या तसा त्यांचा आचारी सकाळीच उळ्ळागड्डीचं पोतं सोडून बसायचा (कांद्याला तो उळ्ळागड्डीच म्हणायचा, मराठी बोलतानासुद्धा). दुपारपर्यंत मोठ्या पातेल्यात तपकिरी ग्रेव्ही तयार. ऑर्डर आली की त्यातला एक डाव घ्यायचा, दुसऱ्या कढईत तेलाची नवी फोडणी, आणि ग्रेव्ही सैल वाटली तर कॉर्नफ्लोअरचं पाणी. फोडणीचं तेलसुद्धा कांदा तळलेलंच, कारण त्याला वास छान. एकाच प्लेटमध्ये तेल दोनदा यायचं आणि गिऱ्हाईक म्हणायचं, ‘आज हलकं केलंय बघा.’ मामांना मी दोष देत नाही. कांदा तळून ठेवला की तासाचं काम पाच मिनिटांत होतं, आणि दाट ग्रेव्ही ताटात पसरत नाही, थोडीसुद्धा भरगच्च दिसते.

दाटपणाची आणखी एक गंमत ताटात दिसते. पातळ रस्सा वाटीच्या तळाला थोडा उरतोच. दाट ग्रेव्ही पोळीला चिकटून येते, आणि शेवटी आपण वाटी बोटानं पुसून घेतो. तेल जिथं आहे, तेच पूर्ण पोटात जातं.

आता बेसन. जाऊबाईंचा सल्ला ऐकलात तर काय होईल, तेही सांगते. वजनाला वजन, बेसनात आणि कॉर्नफ्लोअरमध्ये कॅलरी जवळपास सारख्याच, शंभर ग्रॅमला ३८० च्या आसपास. पण बेसनात स्टार्चबरोबर प्रथिनं, थोडी चरबी आणि तंतू असतात, त्यामुळं तेवढाच दाटपणा आणायला ते साधारण दुप्पट लागतं. दोनाच्या जागी चार चमचे गेले. शिवाय बेसन कच्चं घालता येत नाही, कच्चट वास येतो आणि घशाला लागतं. म्हणून सगळ्याजणी ते तेलात भाजतात. बेसन तेल कसं पितं हे झुणका करणारीला मी सांगायला नको! एक चमचा तेल टाका, दोन मिनिटांत कोरडं. एवढ्याशा बेसनाला एक मोठा चमचा तेल गेलं, तर बेसनाचे सव्वाशे आणि तेलाचे सव्वाशे, मिळून अडीचशे. कॉर्नफ्लोअरच्या ६० कॅलरी हाकलायला आपण चौपट पाहुणे घरात घेतले.

‘पण बेसनात प्रोटीन असतं’ हे ऐकायला मिळेलच. असतं, शंभर ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅम. पण चार चमच्यांतून चौघांत वाटलं, तर माणशी दोन ग्रॅमच्याही खाली. त्यापेक्षा पनीरचे दोन तुकडे जास्त देतील. बेसनच आवडत असेल तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा, गार करून पाण्यात गुठळ्या मोडून मग ग्रेव्हीत सोडा. चवीसाठी घाला, वजनासाठी नको.

कढई न मोजता हॉटेलच्या ग्रेव्हीत काय आहे ते ओळखायचंय? पार्सल आणलं की थोडी ग्रेव्ही स्टीलच्या वाटीत काढा. आरशासारखी चकाकी आणि गार होताना जेलीसारखी थरथर असेल तर कॉर्नफ्लोअर. रंग मंद, किंचित पिवळट आणि जिभेला रवाळ लागली तर बेसन. तपकिरी, गोडसर चव आणि मागे राहणारा भाजका वास तळलेल्या कांद्याचा. आता त्याच वाटीत तेवढंच कडक गरम पाणी ओतून ढवळा आणि दहा मिनिटं न हलवता ठेवा. दाटपणा मोडला की बांधलेलं तेल बऱ्यापैकी वर येतं. सगळं येत नाही, कांद्याच्या गरात शिरलेलं आतच राहतं, तेव्हा जेवढं दिसेल त्याहून जास्तच आहे असं समजा. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलं आणि वर पांढरी साय धरली, तर त्यात डालडा, पामतेल किंवा बटर-तूप असण्याची शक्यता आहे. सूर्यफुलाचं तेल फ्रीजमध्ये पातळच राहतं, तेव्हा पांढरं दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

तुमच्या रविवारच्या भाजीत बदल एकाच जागी करायचा आहे. कांदा तळू नका, परता. तोच अर्धा किलो कांदा, जाड बुडाची कढई, चहाचे तीन चमचे तेल. कांदा टाकल्याटाकल्या चिमूटभर मीठ घाला, त्यानं पाणी सुटतं. पाचेक मिनिटं झाकण ठेवून मऊ होऊ द्या, मग झाकण काढून मध्यम आचेवर परता. तळाला लागायला लागला की तेल नाही, दोन चमचे पाणी शिंपडा आणि तळाचा तपकिरी खरवडून कांद्यात मिसळा. असं चारपाच वेळा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात, हे आधीच सांगते, कारण घाईत लोक आच वाढवतात, कांदा बाहेरून काळा आणि आत कच्चा राहतो, आणि ग्रेव्ही कडवट होते. रंग विटकरी झाला, की वाटा. तळलेल्या कांद्याचा कुरकुरीत खमंगपणा यात थोडा कमी येतो. तो हवाच असेल तर आपल्या आजीची रीत वापरा, अख्खा कांदा सालासकट गॅसवर किंवा निखाऱ्यात भाजा. तेल शून्य, आणि धुराचा वास फुकट. एक मात्र ध्यानात ठेवा, त्या जुन्या वाटणात कांद्याच्या जोडीला सुकं खोबरं असतं, आणि खोबऱ्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त तेलच. ते मूठभर टाकलंत तर वाचवलेलं परत आलं.

परतलेल्या कांद्याची पेस्ट तळलेल्यापेक्षा भरते जास्त, कारण तिच्यात पाणी शिल्लक असतं. त्यामुळं दाटपणा आपोआप येतो आणि कॉर्नफ्लोअर एका चमच्यावर भागतं. ते गार पाण्यात कालवूनच घाला आणि अगदी शेवटी. टोमॅटोच्या आंबटात फार वेळ उकळलं की त्याचा दाटपणा मोडतो, ग्रेव्ही पुन्हा पातळ होते आणि मग आणखी एक चमचा पडतो. बऱ्याच घरांत दोनाचे तीन असेच होतात. त्याहूनही दाट हवं असेल, तर उकडलेला दुधी किंवा लाल भोपळा कांद्याबरोबर वाटा. पाहुण्यांना कळतसुद्धा नाही.

नवा हिशेब असा. कांद्याच्या २००, परतायच्या तेलाच्या सव्वाशे, फोडणी एका मोठ्या चमच्यावर आणली तर सव्वाशे, कॉर्नफ्लोअरच्या ३०. झाल्या ४८०, माणशी १२०. आधीच्या २३० च्या निम्म्याच्या आसपास, आणि तरी ही ग्रेव्हीच आहे, आजाऱ्याचं जेवण नाही.

सणावाराला तळलेलाच कांदा लागणार असेल, तर जरूर तळा. कढईतून निघाल्याबरोबर, गरम असतानाच, जाळीवर एका थरात पसरा, ढीग नको. त्यानं थोडं तेल वाचतं, जादू होत नाही. बाजारात तयार तळलेल्या कांद्याचं पाकीट मिळतं, त्याच्या मागं शंभर ग्रॅममागची चरबी छापलेली असते. तो आकडा आणि घटकांच्या यादीत मैदा किंवा मक्याचा स्टार्च आहे का, एवढं वाचून मग पिशवीत टाका.

एका ठिकाणी मात्र कॉर्नफ्लोअर खरंच भारी पडतं, ते आपल्या गाड्यावरच्या गोबीत. तिथं ते नुसतं दाटपणासाठी नसतं, मैद्याबरोबर फ्लॉवरवर कवच म्हणून चढतं, आणि ते कवच तळताना तळलेल्या कांद्यासारखंच तेल पितं. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. तेव्हापासून गोबी फिकट दिसते आणि लोकांना ती हलकी वाटते. रंग गेला, कवच तसंच आहे.

शुगरबद्दल एवढंच, की ग्रेव्ही बदलल्यानं औषधाचं वेळापत्रक बदलत नाही, ते डॉक्टरांकडेच राहू दे.

राहिलं तुमचं ॲप. ‘व्हेज करी, एक वाटी’ या नोंदीला कांदा तळलाय की परतलाय हे माहीत नसतं, ती कुणाच्या तरी घरची सरासरी असते. ती वापरू नका. येत्या रविवारी तेलाची बाटली सकाळी तोला आणि भाजी होऊन सगळं आवरल्यावर पुन्हा तोला. तळणीचं तेल परत त्याच बाटलीत ओतायचं, पण गार झाल्यावर. काटा नसेल तर गणपत गल्लीत भांड्यांच्या दुकानात स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा मिळेल. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या घरानं त्या दिवशी खाल्लेलं तेल. त्याला चारनं भागा, आणि ॲपमध्ये ‘तेल’ या नावानं, ग्रॅममध्ये, वेगळं लिहा. भाज्या, पनीर आणि पोळ्या त्याखाली. जाऊबाईंनाही त्यांची बाटली तोलायला सांगा, त्या बेसन कशात भाजतात ते लगेच कळेल.